मोडीत निघालेली गाडी आणि कागदावरची सवलत

शोरूमच्या काचेवर लावलेल्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: जुनी गाडी स्क्रॅप करा, नव्या गाडीवर सवलत मिळवा. खाली बारीक टायपात 'अटी लागू'. पंधरा वर्षं साथ दिलेली गाडी दारात उभी असते, तिचं पासिंग संपत आलेलं असतं, गॅरेजवाला प्रत्येक खेपेला नवा खर्च सांगत असतो. अशा घराला तो फलक आपल्याचसाठी लावल्यासारखा वाटतो. प्रश्न एवढाच, की त्या सवलतीतून खिशात नेमकं काय पडतं?

केंद्र सरकारने वाहन मोडीत काढण्याचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं. त्यात ग्राहकाला चार आमिषं होती. जुन्या गाडीची भंगार म्हणून किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळेल. नव्या गाडीवर कंपन्यांनी ५ टक्के सूट द्यावी, असा सल्ला होता. खासगी वाहनाच्या रस्ता करात राज्यांनी २५ टक्क्यांपर्यंत आणि मालवाहू किंवा प्रवासी वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी, अशी तरतूद होती. आणि नव्या गाडीची नोंदणी फी माफ होणार होती. यातला प्रत्येक शब्द तोलून वाचायला हवा. 'मिळेल', 'द्यावी', 'पर्यंत'. फी माफी सोडली, तर बाकीच्या कुठल्याही आकड्यावर ग्राहकाला हक्क सांगता येईल असं काही त्यात नव्हतं.

कंपन्यांच्या ५ टक्क्यांचं पुढे काय झालं, ते २७ ऑगस्ट २०२४ रोजी कळलं. त्या दिवशी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि वाहन उत्पादकांची दिल्लीत बैठक झाली आणि कंपन्यांनी सूट द्यायचं मान्य केलं. प्रवासी गाड्यांसाठी ठरलेली रक्कम होती दीड टक्का किंवा वीस हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल ती. मारुती सुझुकी, टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, किया, टोयोटा, होंडा यांसारख्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्यात होत्या. मर्सिडीज-बेंझने सरसकट पंचवीस हजार देऊ केले. पाचाचा दीड झाला, आणि त्या दीडलाही आणखी तीन कुंपणं होती.

पहिलं कुंपण असं, की दीड टक्का काढायचा तो इतर सूट वजा केल्यानंतरच्या किमतीवर. दुसरं, जुनी गाडी मालकाने मागच्या सहा महिन्यांत अधिकृत केंद्रात मोडीत काढलेली हवी आणि तशी नोंद 'वाहन' पोर्टलवर दिसायला हवी. तिसरं कुंपण सगळ्यांत महत्त्वाचं आणि शोरूममध्ये सगळ्यांत कमी बोललं जाणारं: एक्स्चेंज बोनस आणि स्क्रॅप बोनस एकत्र मिळत नाहीत. सरकारी निवेदनातच ते स्पष्ट लिहिलं होतं, कारण मोडीत निघालेली गाडी बदलीत दिलेली नसते. प्रवासी गाड्यांपुरता हा करार वर्षभराचा होता. आता कोणती कंपनी कोणत्या मॉडेलवर किती देते, हे त्या त्या महिन्याच्या ऑफरच्या पत्रकावरून ठरतं. म्हणून गेल्या वर्षी भावाला किती मिळाले, हे सांगून उपयोग होत नाही.

आता एक हिशेब मांडू. समजा, सांगलीतल्या एका शिक्षकांकडे २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. वजन साधारण साडेसातशे किलो. गाडी चालू आहे, पण क्लच घसरतो आणि दरवाजांच्या खालच्या पट्टीला गंज लागला आहे. त्यांना आठ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घ्यायची आहे. त्या महिन्यात कंपनीने या मॉडेलवर सगळ्याच गिऱ्हाइकांना पंचवीस हजारांची रोख सूट ठेवली आहे.

आधी भंगार. स्क्रॅप केंद्र किलोवर भाव लावतं आणि तो लोखंडाच्या बाजारानुसार वरखाली होतो. पंचवीस रुपये धरले, तर साडेसातशे किलोचे १८,७५० रुपये. धोरणातला ४ ते ६ टक्क्यांचा आकडा इथे धरला असता, तर तो ३२ ते ४८ हजार झाला असता. हा आकडा मुळातच फसवा आहे. जुन्या गाडीचं लोखंड नव्या गाडीच्या किमतीकडे बघून जड होत नाही. तेच शिक्षक आठ लाखांऐवजी सोळा लाखांची गाडी घेत असते, तरी केंद्राने तराजूवर दाखवलेलं वजन साडेसातशेच राहिलं असतं.

मग कंपनीची सूट. आठ लाखांतून पंचवीस हजार वजा, उरले सात लाख पंचाहत्तर हजार. त्यावर दीड टक्का म्हणजे ११,६२५ रुपये. वीस हजारांची मर्यादा इथे आडवी येत नाही. ती येते साधारण सव्वातेरा लाखांच्या पुढे. तिथून वर गाडी कितीही महाग घेतली, तरी सूट वीस हजारांवरच थांबते.

तिसरा भाग रस्ता कराचा, आणि सगळ्यांत भरवशाचा हाच आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी ११ टक्के कर लागतो. आठ लाखांवर तो होतो ८८ हजार. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ही सवलत १० वरून १५ टक्क्यांवर नेली. ८८ हजारांचे १५ टक्के म्हणजे १३,२००. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'पंधरा टक्के सवलत' असं ऐकून लोक आठ लाखांवर पंधरा टक्के मनात धरतात. ती कराच्या रकमेवर असते, गाडीच्या किमतीवर नाही. शिवाय ही सवलत जुनी गाडी किती वर्षांची असताना मोडीत काढली यावरही अवलंबून असते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या मालकाने गाडी केंद्रात न्यायच्या आधीच आरटीओत आपली तारीख दाखवून खात्री करून घ्यावी.

चौथा भाग नोंदणी फीचा. कारसाठी ती सहाशे रुपये आहे.

बेरीज केली, तर ४४,१७५ रुपये. विक्रेता हाच आकडा मोठ्या आवाजात सांगेल. पण त्यातले १८,७५० तर शिक्षकांच्याच गाडीच्या लोखंडाचे आहेत. स्वतःची वस्तू विकून आलेले पैसे सवलत कसे म्हणायचे? ते बाजूला ठेवले, की खरी सवलत उरते २५,४२५ रुपये. आठ लाखांच्या मानाने तीन टक्क्यांहून थोडी जास्त. धोरणातल्या मूळ आकड्यांनी हीच बेरीज केली, तर अगदी कमीत कमी धरूनही ती साडेचौऱ्याण्णव हजारांच्या वर जाते. हातात येतं त्याच्या निम्म्याहून कमी.

तरीही सवलत आहेच ना, असं कोणी म्हणेल. आहे. पण ती कशाच्या बदल्यात मिळते, हे बघितल्याशिवाय फायदा कळत नाही. तीच गाडी जुन्या बाजारात साठ हजारांना गेली असती, आणि एक्स्चेंज बोनस पंधरा हजार मिळाला असता, तर शिक्षकांच्या हातात पंचाहत्तर हजार आले असते. मग मोडीत काढून त्यांनी तीस हजारांहून जास्त गमावले. सांगली-कोल्हापूर भागात चालू हॅचबॅकला गिऱ्हाईक मिळणं काही अवघड नाही. दूधवाला, वायरमन, कॉलेजला जाणारी मुलं अशी गाडी आनंदाने घेतात. उलट, गाडीचं इंजिन बसलेलं असेल, खालचा पत्रा सडला असेल आणि जुन्या बाजारातला व्यापारी वीस हजारांच्या पुढे सरकत नसेल, तर पारडं फिरतं. या उदाहरणात ती सीमारेषा २९ हजारांच्या आसपास आहे. एक्स्चेंजमध्ये गाडीला त्याहून जास्त भाव येत असेल तर विकणं बरं, कमी येत असेल तर मोडीत काढणं बरं. प्रत्येकाची रेषा वेगळी निघेल, पण ती काढायला पाच मिनिटं आणि एक वहीचं पान पुरतं.

इथे पंधरा वर्षांची भीती थोडी उतरवायला हवी. दिल्लीत जुन्या गाड्यांच्या वयावर न्यायालयीन बंदीचा मोठा घोळ झाला, आणि त्याच्या बातम्या वाचून महाराष्ट्रातले कित्येक लोक समजतात की पंधरा वर्षांनंतर गाडी मोडावीच लागते. धोरणाच्या नावातच 'ऐच्छिक' हा शब्द आहे. खासगी गाडी तपासणीत पास झाली, तर नोंदणीचं नूतनीकरण होतं. फी मात्र वाढली आहे. १ एप्रिल २०२२ पासून कारची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये ती दहा हजार केली. वर पर्यावरण कर आहेच. म्हणजे हिशेबात तिसरा पर्यायही धरायला हवा: गाडी ठेवायची. घाईत असलेल्या माणसाला शोरूममध्ये हा पर्याय कोणी सांगत नाही.

आता मूळ शंकेकडे. दुकानदार एका हाताने सूट देऊन दुसऱ्या हाताने काढून घेत नाही कशावरून? ही शंका फुकाची नाही. २००९ मध्ये मंदीच्या काळात जर्मनीने जुनी गाडी मोडणाऱ्याला नव्या गाडीसाठी अडीच हजार युरो दिले. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर प्रत्यक्ष विक्रीचे व्यवहार तपासले, तेव्हा दिसलं की सरासरीने ग्राहकाला अनुदान पूर्ण मिळालं होतं. पण स्वस्त गाड्या घेणाऱ्यांनी, अनुदान न मिळालेल्या तशाच गिऱ्हाइकांपेक्षा विक्रेत्याला जास्त किंमत मोजली होती. महाग गाड्या घेणाऱ्यांना उलट वरची सूट मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत साडेतीन ते साडेचार हजार डॉलरची अशीच योजना आली होती, आणि तिथल्या अभ्यासात जवळपास सगळा पैसा ग्राहकापर्यंत पोचल्याचं आढळलं. कारण समजायला सोपं आहे. अनुदान मिळणार म्हणून धावत आलेला, एकच परवडणारी गाडी मनात धरलेला माणूस घासाघीस करत नाही. चार दुकानं फिरलेला करतो.

भारतात तर करातली सवलत सोडली तर पैसा सरकारचा नाहीच. कंपनीच्या त्या महिन्याच्या ऑफरमध्ये रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सूट असे तुकडे असतात, आणि विक्रेता ते तुकडे हवे तसे हलवू शकतो. स्क्रॅपचे बारा हजार लिहिताना रोख सुटीतले दहा हजार गळाले, तर ग्राहकाला ते दिसत नाही, कारण आधीची रोख सूट त्याने विचारलेलीच नसते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या भेटीत जुन्या गाडीचं नाव काढू नये. नव्या गाडीचा अंतिम भाव ठरवावा आणि तो कोटेशनवर शिक्का मारून घ्यावा. एक्स-शोरूम, रोख सूट, विमा, रस्ता कर, नोंदणी, फास्टॅग, अॅक्सेसरीज, प्रत्येक ओळ वेगळी. त्यानंतरच म्हणावं की जुनी गाडी मोडीत काढतोय, स्क्रॅप बोनसची ओळ यात घाला. बाकी एकही आकडा न बदलता शेवटची रक्कम तेवढीच खाली आली, तर सूट खरी. रोख सुटीची ओळ गायब झाली, विम्याचा हप्ता वाढला किंवा 'हँडलिंग'च्या नावाने नवी ओळ उगवली, तर पैसा त्या वाटेने परत गेला. विम्याच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावं. शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती करता येत नाही, आणि बाहेरचं एक कोटेशन हातात असलं, की फरक लगेच दिसतो.

दुसरी जागा आहे नावाची. जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलाच्या नावावर, हे आपल्याकडे घरोघरी असतं. शोरूमचा पोरगा 'चालतं हो काका' म्हणतो, बुकिंगचे पैसे घेतो, आणि डिलिव्हरीच्या आठवड्यात कळतं की कंपनीच्या सिस्टिमने नाव जुळत नाही म्हणून सूट नाकारली. स्क्रॅप केंद्राकडून मिळतं ते ठेव प्रमाणपत्र. ते दुसऱ्याला विकताही येतं, हे खरं आहे. पण कंपनीची सूट आणि कराची सवलत यांचे नियम एकच नाहीत. कर सवलतीसाठी प्रमाणपत्र दीर्घकाळ चालतं, कंपनीच्या करारात सहा महिन्यांची अट होती. म्हणून नाव आणि तारीख या दोन गोष्टींवर होकार बुकिंगच्या पावतीवर लिहून घेणं एवढाच उपाय आहे.

ट्रकमालकांचा हिशेब वेगळाच आहे, आणि तिथे आकडे खरोखर जाणवतात. साडेतीन टनांवरच्या मालवाहू वाहनाला कंपन्यांनी ३ टक्के मान्य केले होते. तीस लाखांच्या ट्रकवर ते नव्वद हजार होतात. विकत घेतलेल्या प्रमाणपत्रावरही पावणेतीन टक्के. याचा अर्थ जुन्या ट्रकच्या प्रमाणपत्रालाच स्वतःची किंमत आहे. ट्रक मोडीत देणाऱ्याने भाव ठरवताना विचारायला हवं की सांगितलेली रक्कम नुसत्या लोखंडाची आहे की प्रमाणपत्रही त्यातच गेलं. खासगी कारवाल्यांपेक्षा इथली फसगत मोठ्या रकमेची असते.

स्क्रॅप केंद्र म्हणजे भंगारवाला नव्हे, हेही सांगायला हवं. अधिकृत केंद्र आधी 'वाहन' पोर्टलवर गाडीची चौकशी करतं: बँकेचा बोजा उतरलेला आहे का, चोरीची नोंद नाही ना, चलान थकलेली नाहीत ना. कर्ज फेडून दहा वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असलेल्या गाड्या पुष्कळ असतात, आणि त्या इथेच अडतात. बँकेकडून एनओसी आणून बोजा उतरवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. त्यानंतर केंद्र गाडी ताब्यात घेऊन ठेव प्रमाणपत्र देतं. पेट्रोल, इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा वायू, बॅटरी आधी काढून घेतात, मग गाडी उघडतात. चेसिस नंबरचा पत्रा कापून वेगळा जपून ठेवतात, म्हणजे त्या नंबरावर दुसरी गाडी उभी राहू नये. सगळं झाल्यावर मोडीत काढल्याचं दुसरं प्रमाणपत्र निघतं आणि नोंदणी रद्द होते.

कुर्ल्याचा किंवा गावाबाहेरचा भंगारवाला याहून जास्त पैसे देऊ शकतो, आणि त्याचं कारणही साधं आहे. तो गाडी किलोवर घेत नाही. गिअरबॉक्स, दरवाजे, अल्टरनेटर, काचा सुट्या विकतो. रोख पाच-सात हजार जास्त मिळाले, की माणूस खूश होतो. पण त्याच्याकडे प्रमाणपत्र नसतं. ना कंपनीची सूट, ना कराची. आणि गाडी सरकारदरबारी मालकाच्याच नावावर जिवंत राहते.

हाच धोका एक्स्चेंजमध्येही आहे, आणि तिथे तो जास्त लपलेला असतो. शोरूमने 'स्क्रॅपला पाठवतो' म्हणून घेतलेली गाडी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला दिली, तर तिची नंबर प्लेट कुठेतरी फिरत राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केलं की अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असली तरी. सही केलेले फॉर्म २९ आणि ३० देऊन निर्धास्त झालेल्या माणसाला मग दुसऱ्या जिल्ह्यातलं चलान येतं.

म्हणून सांगलीच्या त्या शिक्षकांनी गाडी केंद्रात सोडताना तीन गोष्टी हातात घ्याव्यात: वजनाची पावती, बँक खात्यात रक्कम जमा झाल्याचा पुरावा आणि ठेव प्रमाणपत्र. नव्या गाडीची चावी घेतल्यावरही एक काम उरतं. महिन्याभराने मोबाइलवर 'वाहन' पोर्टल उघडून जुना नंबर टाकावा आणि नोंदणी रद्द झाल्याचं दिसतंय का ते बघावं. नोंदणी अजून चालू दिसत असेल, तर दुसऱ्याच दिवशी प्रमाणपत्र घेऊन केंद्राच्या दारात जावं, आणि तिथून आरटीओत.